इंगवल्यांच्या दारातलं पार्सल

विजयसिंह इंगवल्यांना मराठीतले सगळे शब्द येत होते, शिव्यांसकट. एकच शब्द त्यांच्या तोंडातून बाहेर पडत नसे, तो म्हणजे ‘नको’. घरात पडायचा, नाही असं नाही. भाजीत मीठ कमी असलं की ‘नको’, बायकोने माहेरी जायचं काढलं की ‘नको’. पण दारात परका माणूस उभा असला आणि समोरच्या कट्ट्यावर गल्ली बसलेली असली, की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. दारात आलेल्याला नको म्हणायचं म्हणजे आपल्या खिशात पैसे नाहीत असं स्वतःहून जाहीर करायचं, हा त्यांचा पक्का समज. या समजापायी त्यांच्या घरात न पेटणाऱ्या उदबत्त्यांचे गठ्ठे होते, कुठल्या कुठल्या मंडळांची कॅलेंडरं होती आणि पाण्याचं एक फिल्टर होतं, ज्यात पाणी कुठून ओतायचं हे विकणाऱ्यालाही सांगता आलं नव्हतं.

शुक्रवार पेठेत त्यांचं चटणीचं डंक आहे. मिरची कुटायचं यंत्र. उन्हाळा लागला की अर्धी पेठ मिरच्यांच्या पिशव्या घेऊन तिथे शिंकत उभी असते. डंकाला लागूनच घर, आणि घरासमोर कट्टा. कट्ट्यावर शाळेतून निवृत्त झालेले त्र्यंबक मास्तर आणि दूध घालून मोकळा झालेला पिराजी, हे दोघं कायमचे. बाकीचे येऊनजाऊन. विजयसिंहांच्या मते हा कट्टा म्हणजे आख्खी गल्ली, गल्ली म्हणजे पेठ, आणि पेठ म्हणजे कोल्हापूर. त्यांनी आयुष्यभर जे काही केलं ते या कट्ट्याच्या डोळ्यांदेखत आणि कट्ट्याच्या डोळ्यांसाठी.

पहिलं पार्सल आलं ते मुलाच्या नावावर. मुलगा राजवीर पुण्यात नोकरीला. दत्तप्रसाद नावाचा कुरिअरवाला पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन गाडीवरून उतरला आणि म्हणाला, “राजवीर इंगवले. कॅश ऑन डिलिव्हरी. सातशे नव्व्याण्णव.”

राजवीरला फोन करून विचारावं, हे विजयसिंहांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण दारात उभं राहून ‘बाळा, हे तूच मागवलंयस का रे?’ असं विचारायचं म्हणजे बापाला पोराच्या परवानगीनं खर्च करावा लागतो असं दिसलं असतं. त्यात त्र्यंबक मास्तर बघत होते. कुरिअरवाला म्हणाला, “मोबाइलवरनं दिलं तरी चालतंय, काका.” विजयसिंहांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. मोबाइलवरून दिलेले पैसे कट्ट्यावरून दिसतात का? त्यांनी डंकाच्या गल्ल्यातून नोटा काढल्या, हात जरा उंच धरला आणि दिल्या. वर म्हणाले, “ऱ्हाऊ दे तो रुपया.”

आत चप्पल निघाली. चपलांचा जोड नव्हे, चप्पल. डाव्या पायाची, रबरी, आणि वास असा की मिरचीच्या धुरळ्यातही ओळखू यावा. चपलांच्या गावात माणसाला पैसे घेऊन एक चप्पल पाठवायची, यात फसवणुकीपेक्षा अपमान जास्त होता. राजवीर फोनवर म्हणाला, “मी काही मागवलं नाही, पप्पा.” त्यावर विजयसिंह म्हणाले, “मागवलं असशील आणि विसरला असशील.” कारण पोरगं विसरभोळं निघालेलं परवडतं, बाप मूर्ख निघालेला परवडत नाही.

मुलगी तेजस्वी एका सीएच्या ऑफिसात काम करत होती. तिने खोक्यावरचा कागद नीट वाचला. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्यातरी एंटरप्रायझेसचं नाव, पत्ता अर्धवट आणि फोन नंबर बंद. कुरिअरच्या ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो, आत काय आहे ते पाठवणाऱ्याला विचारा. ग्राहकांच्या सरकारी हेल्पलाइनवर तिने तक्रार नोंदवली. तक्रारीला नंबर मिळाला, पैसे मिळाले नाहीत.

“पप्पा, हा धंदा हाय लोकांचा,” तिने बापाला समोर बसवून सांगितलं. “आपली नावं, पत्ते, मोबाइल नंबर कुठनं तरी बाहेर फुटत्यात. ते घ्यायचे आणि पन्नास रुपयांचा कचरा खोक्यात घालून पाठवायचा. घरात चार माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं मागवलं असंल. दारातला माणूस पैसे देऊन मोकळा होतो. ते पैसे कुरिअरवाला कंपनीत भरतो, कंपनी पाठवणाऱ्याला देते, आणि मग पाठवणारा सापडत न्हाय.”

“मग करायचं काय?”

“काहीच न्हाय. घ्यायचं न्हाय. मागवलं नसलं तर पैसे द्यायची आपल्यावर कसलीच सक्ती न्हाय. घरात विचारायचं, कुणीच मागवलं नसलं तर ‘नको’ म्हणायचं. कुरिअरवाला परत नेतो. त्याला काय फरक पडत न्हाय. परत गेलं की जायचं-यायचं भाडं पाठवणाऱ्याच्या अंगावर पडतं. असं चार घरांनी केलं की त्याचा धंदाच बसतो. आणि एकदा पैसे देणारं घर घावलं की ते परत परत पाठवत्यात, एवढं ध्यानात ठेवा.”

विजयसिंहांनी सगळं ऐकलं. पटलंही. पण शेवटी ते जे बोलले त्यात त्यांचा सगळा स्वभाव आला.

“परत? इंगवल्यांच्या दारातनं?”

तेजस्वीचं म्हणणं खरं निघालं. पुढचं पार्सल बायकोच्या, म्हणजे संयोगिताबाईंच्या नावावर आलं. आत पडद्याच्या कापडाचा तुकडा. त्यानंतरचं खुद्द विजयसिंहांच्या नावावर. आत मालिशचं म्हणून एक प्लास्टिकचं यंत्र, ज्याचा अंगाला सोडून कशालाही उपयोग झाला असता. ही दोन्ही त्यांनी घरापर्यंत पोचूच दिली नाहीत. डंकावरच पैसे दिले, डंकावरच फोडली आणि मिरचीच्या पोत्यांमागे सारली. प्रत्येक वेळी ‘नको’ अगदी ओठावर यायचा. मग नजर कट्ट्याकडे जायची. तिकडून त्र्यंबक मास्तर डोळे बारीक करून बघत असायचे, पिराजी पुढे वाकलेला असायचा, आणि ओठावरचा ‘नको’ उलटपावली घशात जायचा. एकदा तर ते नुसतेच घुटमळले, तर पिराजी लांबूनच ओरडला, “काय मालक, सुट्टं न्हाईत काय?” झालं. सुट्टं नाहीत म्हणे! विजयसिंहांनी पाचशेच्या नोटा अशा आपटल्या की दत्तप्रसाद दचकला.

अशात तेजस्वीचं लग्न ठरायला आलं.

मुलगा कागलचा. आदर्श. तिच्याच ऑफिसात काम करणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरात सांगितलं होतं, आणि नशिबाने दोन्ही घरं एकाच समाजातली, तोलामोलाची निघाली होती. विजयसिंहांना पोरीचा जीव त्या पोरात अडकलाय हे दिसत होतं. एरवी घरात हुकूम सोडणारी तेजस्वी त्या आठवड्यात बापाच्या पुढेमागे करत होती. बैठकीच्या दिवशी सकाळी ती त्यांना हळूच म्हणाली, “पप्पा, आज तेवढं मोठं काय बोलू नका. ती माणसं साधी हाईत.”

“मी कधी मोठं बोलतोय?” विजयसिंह मोठ्याने म्हणाले.

साधी माणसं दुपारी आली. आदर्शचे वडील अमरसिंह पुढे, त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई आणि सगळ्यांत मागे, नवा शर्ट टोचत असल्यासारखा आदर्श. कागलात अमरसिंहांचं खतांचं दुकान आणि बागायती ऊस. दाराशीच ते शेजारच्या डंकाकडे बघून जोरात शिंकले आणि म्हणाले, “बाजार जोरात हाय म्हणायचा, पावणं!” विजयसिंहांच्या छातीला हवा भरली. हा माणूस आपल्यासारखाच आहे, हे त्यांनी तत्काळ ओळखलं. दुर्दैवाने ते खरं होतं.

पुढच्या सोप्यात बैठक बसली. दार सताड उघडं, कारण उन्हाळा होता आणि कारण कट्ट्याला दिसायला हवं होतं. चहा झाला, शिरा झाला. देण्याघेण्याचा विषय निघाला तसा अमरसिंहांनी हात उडवला. “आमाला काय नको, पावणं. पोरगी द्या.” त्यावर विजयसिंह म्हणाले, “तुम्ही मागू नका, पण आमी दिल्याशिवाय ऱ्हाणार न्हाय.” त्यावर अमरसिंह म्हणाले, “तुमी दिलं तर आमी डबल देणार.” दोन्हीकडच्या बायकांनी एकमेकींकडे बघून घेतलं. त्या दोघींची ओळख अर्ध्या तासाची, पण दुखणं जुनं आणि एकच होतं.

एवढं सगळं जमलं होतं. फक्त तारीख काढायची बाकी. आणि दारात गाडी थांबली.

“तेजस्वी विजयसिंह इंगवले,” दत्तप्रसादने पिशवीतून खोकं काढून दारातच वाचलं. “कॅश ऑन डिलिव्हरी. चोवीसशे नव्व्याण्णव.”

विजयसिंहांनी डोळे मिटून घेतले. पार्सलांच्या आत काय असतं हे आता त्यांना ठाऊक होतं. तेजस्वीने काही मागवलेलं नाही हेही ठाऊक होतं. आजच्या दिवशी तरी नको म्हणायचं, असं त्यांनी मनात म्हटलं. डोळे उघडले तर अमरसिंह त्यांच्याकडे बघत होते, आणि अमरसिंहांच्या खांद्यावरून पलीकडे कट्टा बघत होता.

“काय मागवलंय, पावणं?” अमरसिंहांनी कौतुकाने विचारलं.

इथे ‘आमी काय मागवल्यालं न्हाय’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. विजयसिंह म्हणाले, “घड्याळ. जावईबापूंसाठी.”

हे आपल्याच तोंडातून निघालं यावर त्यांचा क्षणभर विश्वास बसला नाही. आदर्शचाही बसला नाही, तो चुळबुळला. आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या तेजस्वीने कपाळाला हात लावला.

“घड्याळ!” अमरसिंह उठूनच उभे राहिले. “बघितलंस आदर्श? ह्याला म्हणत्यात घरंदाज! तारीख काढायच्या आदी मागवलंय!” आणि मग त्यांचा हात खिशाकडे गेला. “पण पावणं, नाव तर पोरीचं हाय. म्हंजे आमच्या सुनेचं. तवा पैसं आमी देणार.”

“छे छे, पावणं! आमच्या दारात तुमी पैसं देणार?”

“सून आमची!”

“अजून आमची हाय!”

अमरसिंहांनी नोटा काढल्या, विजयसिंहांनी त्यांचा हात दाबला. विजयसिंहांनी नोटा काढल्या, अमरसिंहांनी त्या त्यांच्याच खिशात कोंबल्या. दोघंही तालमीत गेलेले, पकडी विसरलेले नव्हते. दत्तप्रसाद दोघांच्या मध्ये खोकं छातीशी धरून उभा होता. पार्सलचे पैसे देण्यासाठी दोन माणसं हातघाईवर आलेली त्याने आजवर पाहिली नव्हती. लोक सहसा न देण्यासाठी भांडतात.

“कुणीबी द्या, पण लौकर द्या,” तो म्हणाला. “पुढं अजून लई घरं हाईत.”

शेवटी अमरसिंहांची पकड भारी ठरली. त्यांनी नोटा दत्तप्रसादपुढे धरल्या आणि म्हणाले, “हं. घे. पण आदी फोडून दावायचं. जावयाचं घड्याळ हाय, सगळ्यांच्या म्होरं मनगटावर चढवायचं.”

“आदी फोडता येत न्हाय, काका. पैसं दिलं की तुमचं, मग फोडा न्हाय तर ठेवा. पैसं दिल्यावर परत घेता येत न्हाय बगा मला. नको असलं तर आत्ताच सांगायचं.”

“नको कशाला? आत्ता देतो, आत्ता फोडतो.”

पुढचं सगळं विजयसिंहांना डोळ्यांसमोर दिसलं. अमरसिंह खोकं फोडणार. आत घड्याळ नसणार. उजव्या पायाची चप्पल असेल, दगड असेल, चिंध्या असतील. जावयाला घड्याळ म्हणून मिरवलेलं खोकं, आणि त्यातून चिंध्या, त्याही व्याह्याच्या पैशांनी. कागलभर बोभाटा होणार, की इंगवल्यांनी बैठकीला बोलावलं आणि आमच्याकडून कचऱ्याचे पैसे भरून घेतले. ही माणसं उठून जातील. आणि तेजू? ती दारात उभी होती. नुसती बापाच्या तोंडाकडे बघत होती. सकाळी हळूच ‘मोठं बोलू नका’ म्हणालेली त्यांची लेक.

आणि नको म्हटलं तर? तर कट्टा आहेच.

दत्तप्रसादने नोटांसाठी हात पुढे केला. विजयसिंहांनी तो हात मधेच धरला.

“नको,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की तो कुणाचा हे कुणालाच कळलं नाही. ते खाकरले आणि डंकाच्या घरघरीवर ओरडायच्या सवयीचा आवाज लावला.

“नको! आमाला हे पार्सल नको!”

शेजारच्या डंकावर कोणीतरी शिंकलं.

“पावणं,” अमरसिंह गोंधळून म्हणाले, “आवो, पैसं मी देतोय. तुमाला अडचण असली तर...”

तो शब्द आलाच. अडचण. पण आता बांध फुटला होता.

“अडचण न्हाय, पावणं. पैसं हाईत. अक्कल न्हवती,” ते म्हणाले. “ह्यात घड्याळ न्हाय. मी खोटं बोललो. आमच्यात कुणीबी काय मागवल्यालं न्हाय. ही असली पार्सलं येत्यात, मला परत पाठवायची लाज वाटती, म्हणून मी घेत सुटलोय. आदीची तिन्ही घेतली. एकात एकच चप्पल हुती. पोरीनं जीव तोडून सांगितलं, पप्पा, घेऊ नका म्हणून. तरीबी आज तुमच्या म्होरं मोठेपणा करायला गेलो. तुमाला उठून जायचं असलं तर जावा, पण माज्यावर जावा. पोरीचा ह्यात काय दोष न्हाय.”

संयोगिताबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. ‘तिन्ही’ हा आकडा त्यांना नवा होता. आत्तापर्यंत त्यांच्या माहितीत एकच चप्पल होती. त्याचा हिशेब रात्री होणार होता.

अमरसिंहांनी नोटा हळूहळू घडी करून खिशात ठेवल्या. त्यांचा चेहरा लाल होत गेला. विजयसिंहांना वाटलं, आता उठले. आदर्शने वडिलांचा हात धरला. आणि तेवढ्यात इंदुमतीबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“सांगा की आता,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं न्हवं का? तुमीबी सांगा.”

“काय सांगू?” अमरसिंह गुरकावले.

“मिक्सरचं सांगा.”

अमरसिंह खिशातल्या नोटा चाचपू लागले.

“आमच्यात मिक्सर आलाता,” इंदुमतीबाईंनीच सांगायला घेतलं. “मी मागवला न्हवता, ह्यांनी मागवला न्हवता. आदर्श घसा कोरडा करून सांगत हुता, पप्पा, परत पाठवा. पण दुकानात चार शेतकरी बसल्यालं. मग कसं परत पाठवायचं? दोन हजार दिलं. आत वीट निघाली. भाजल्याली, चांगली वीट. आता ती दुकानाच्या दाराला लावल्याली हाय, वाऱ्यानं आपटू नये म्हणून.”

“दार आपटत न्हाय आता,” अमरसिंह पडलेल्या आवाजात म्हणाले.

आदर्श आणि तेजस्वी एकमेकांकडे बघून हसले. त्या हसण्यात विजयसिंहांना पहिल्यांदाच कळलं, की ही दोघं ऑफिसात बसून नुसती गोड बोलत नसणार. बापांची उणीदुणी काढत असणार. पण या घडीला तेही त्यांना चाललं.

“मग काका,” दारातून दत्तप्रसाद म्हणाला, “हे घेताय का न्हाय?”

“न्हाय!” विजयसिंह म्हणाले.

“अजिबात न्हाय!” अमरसिंह पुढे सरसावले. आता त्यांना चेव आला होता. “थांबा पावणं, तुमी गप ऱ्हावा, मी सांगतो त्याला.”

“आमच्या दारातलं पार्सल, आमीच नको म्हणणार.”

“पर सून आमची!”

तेजस्वी दोघांच्या मधून पुढे आली. “नाव माझं हाय,” ती दत्तप्रसादला म्हणाली. “मी मागवलं न्हाय, घेत न्हाय. परत न्या.”

दत्तप्रसादने मोबाइलवर दोनदा बोट लावलं. ‘ग्राहकाने नाकारले’ असं काहीतरी त्यात होतं. खोकं पिशवीत टाकलं, गाडीला किक मारली आणि गेला. रागावला नाही, हसला नाही, वळून पाहिलंही नाही. ज्या गोष्टीला विजयसिंह इतके महिने घाबरत होते ती एवढीशी होती. त्यांना जरा फसवल्यासारखंच वाटलं.

आत तारीख निघाली, वैशाखातली. इंदुमतीबाई आणि संयोगिताबाई आता मोकळेपणाने बोलत होत्या, आणि एकेका वाक्याला एकेका नवऱ्याची किंमत कमी होत होती. विजयसिंहांना बसवेना. एक काम उरलं होतं. कट्टा. पुढे केलेल्या नोटा परत खिशात गेल्या, हे कट्ट्याने बघितलं असणार. मागून कुजबुज होण्यापेक्षा आपणच तोंडावर जाऊन सांगावं, असं ठरवून ते चपला घालून रस्ता ओलांडून गेले. व्याही मागे दारात येऊन उभे राहिले, आधाराला.

“मास्तर,” विजयसिंह छाती पुढे काढून म्हणाले, “पार्सल परत पाठवलं मी. पैसं हुतं खिशात, तरी परत पाठवलं. काय बोलायचं असंल ते तोंडावर बोला.”

त्र्यंबक मास्तरांनी चष्मा वर केला. त्यांचा चेहरा पडला होता.

“बघितलं ना,” ते म्हणाले. “असं कसं केलंस रे, विज्या? आज पावणे होते. मी म्हटलं, आज तर तू घेणारच. शंभर टक्के घेणार.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय, मास्तर चहा हरलं,” पिराजी खुशीत म्हणाला. “तुमच्या पार्सलावर आमची पैज असती की. घेणार का न्हाय घेणार. आजपातुर मीच हरत आलोय. आमच्यात बी येत्यात की असली खोकी, मास्तरांच्यात बी येत्यात. आमी म्हणतो नको, जातंय परत. आख्ख्या गल्लीत घेणारं एकच घर.”

विजयसिंह तसेच उभे राहिले. वर्षानुवर्षं ज्या डोळ्यांसाठी त्यांनी नोटा उंच धरल्या, ते डोळे ही गंमत बघत होते. बारीक केलेले ते डोळे, पुढे वाकलेला तो पिराजी. ‘सुट्टं न्हाईत काय’ हेसुद्धा हिणवणं नव्हतं; पैज जिंकायला पिराजीने त्यांना ‘नको’ म्हणायचं निमित्त पुरवलं होतं. गल्लीला त्यांच्या खिशाची काळजी कधीच नव्हती. त्यांना राग यायला हवा होता. आलाही. पण त्यापेक्षा जास्त, लहान पोराला खेळातून काढल्यावर वाटतं तसं काहीतरी वाईट वाटलं.

कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आला. कप आणि किटली घेऊन टपरीवाला कट्ट्यासमोर थांबला आणि सवयीने विजयसिंहांकडे वळला. पैज कुणीही हरो, कट्ट्यावरच्या चहाचे पैसे कायम तेच द्यायचे.

त्र्यंबक मास्तर हसून म्हणाले, “दे बाबा. तुझ्यामुळेच हरलोय.”

विजयसिंहांचा हात सवयीने खिशात गेला. नोटेला बोटं लागली. मागे दारात व्याही उभे होते, समोर सगळा कट्टा बसला होता. त्यांनी हात तसाच रिकामा बाहेर काढला.

“चहा कुणी मागवलाय?” त्यांनी विचारलं.

“मी,” मास्तर म्हणाले.

“मग मला कशाला मागताय?” विजयसिंह म्हणाले, आणि पाहुण्यांकडे परत निघाले.